फोटोत न दिसणारा आकडा

घरातलं कुणी दवाखान्यात दाखल झालं, की त्याच रात्री घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सलाईनच्या बाटलीचा फोटो येतो. बाटली स्टँडला टांगलेली, मागे हिरवट पडदा, छापील लेबलवर ट्यूबलाइटची तिरीप, आणि लेबलच्या खाली पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनानं लिहिलेलं: ‘आरएल ५००, ८ तास, सुरू स. १०’. फोटोखाली प्रश्न असतो, ‘किती थेंब पाहिजेत? सिस्टर कामात आहेत, आम्हाला फार हळू वाटतंय.’

समजा, या घरात तीन नर्स आहेत. एक पुण्याची निवृत्त झालेली मावशी, एक लहान मुलांच्या वॉर्डात काम करणारी सून, आणि एक न्यू जर्सीला नोकरी करणारी भाची. तिघींनी फोटो मोठा करून पाहिला आणि आपापली उत्तरं पाठवली. मावशी म्हणाली, मिनिटाला २१. सून म्हणाली, ६२ किंवा ६३. भाची म्हणाली, १६. फोटो पाठवणाऱ्याला वाटणार, यातल्या दोघींचं गणित कच्चं आहे. प्रत्यक्षात तिघींचं गणित चोख आहे. त्यांनी मनात धरलेली नळी वेगवेगळी आहे, आणि ती नळी फोटोत आलेलीच नाही.

बाटलीवर काय लिहिलेलं असतं ते आधी पाहू. छापील लेबल औषध कंपनीचं. त्यावर द्रावणाचं नाव, त्यातल्या क्षारांचं प्रमाण, एकूण आकारमान (इथे ५०० मिली), बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख आणि मुदत असते. ही बाटली किती तासांत द्यायची, हे कंपनी अशा साध्या सलाईनवर छापत नाही. तिला ते ठाऊक असण्याचं कारणच नाही. तीच बाटली जुलाबानं सुकलेल्या तरण्या माणसाला तासाभरात जाईल आणि हृदय अशक्त असलेल्या आजोबांना दिवसभर पुरेल. वेळ ठरवतात डॉक्टर, तो चिकटपट्टीवर लिहिते वॉर्डातली सिस्टर. म्हणजे दोन लेबलं मिळून आपल्याला दोन आकडे मिळतात: किती मिली आणि किती वेळात.

या दोन आकड्यांतून ताशी वेग निघतो. ५०० भागिले ८, म्हणजे तासाला साडेबासष्ट मिली. इथपर्यंत तिन्ही नर्स एकमताच्या आहेत, आणि पंप लावलेला असता तर गणित इथेच संपलं असतं, कारण पंपाला तासाला किती मिली एवढंच सांगावं लागतं. पण साध्या सेटमध्ये मिली मोजायची सोय नाही. नळीच्या वरच्या टोकाला एक पारदर्शक डबी असते, तिला चेंबर म्हणतात, आणि त्या चेंबरमध्ये पडणारे थेंब एवढंच आपल्याला दिसतं. तेव्हा मिलीचे थेंब करावे लागतात, आणि त्यासाठी तिसरा आकडा लागतो: या सेटचे किती थेंब मिळून एक मिली होतो?

तो आकडा सेटच्या पाकिटावर असतो. भारतात मोठ्या माणसांना लावतात तो नेहमीचा सेट बहुतेक वेळा मिलीला २० थेंबांचा असतो. लहान मुलांसाठी आणि जपून द्यायच्या औषधांसाठी मायक्रो सेट वापरतात, तो मिलीला ६० थेंबांचा. अमेरिकेत मोठ्यांचे सेट १० आणि १५ थेंबांचेही सर्रास मिळतात. पुण्याच्या मावशीनं हयातभर २०चा सेट हाताळला, सुनेच्या वॉर्डात ६०चा असतो, भाचीच्या हाताला १५ची सवय. ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं: २०.८, म्हणजे २१. तिथे १५ घातले तर १५.६, म्हणजे १६. ६० घातले तर साडेबासष्ट. सूत्र एकच आहे:

मिनिटाला थेंब = (मिली × एका मिलीचे थेंब) ÷ मिनिटं

वॉर्डात कुणी हे सूत्र कागदावर मांडत बसत नाही. तासाला किती मिली ते काढायचं, आणि २०चा सेट असेल तर तीननं भागायचं, १५चा असेल तर चारनं, १०चा असेल तर सहानं; ६०चा असेल तर काहीच करायचं नाही, जेवढे मिली तासाला तेवढेच थेंब मिनिटाला. तासात मिनिटंही साठच, म्हणून हे साधतं. साडेबासष्टला तीननं भागा, एकवीसच्या जवळ येता. पूर्णांक केल्यानं फार बिघडत नाही: २०.८ ऐवजी २१ ठेवले तर आठ तासांची बाटली जेमतेम चार मिनिटं आधी संपेल.

बिघडतं ते सेट चुकल्यावर. मावशीचा २१ हा आकडा मायक्रो सेटवर लावला तर तासाला फक्त २१ मिली जातील, आणि संध्याकाळी सहाला बाटलीतलं १६८ मिली गेलेलं असेल, ३३२ तसंच लटकत असेल. उलट, सुनेचा ६२ हा आकडा नेहमीच्या सेटवर लावला तर तासाला १८६ मिली वेगानं सकाळी दहाची बाटली दुपारी पाऊण वाजायच्या आत रिकामी होईल. एकदा तिप्पट हळू, एकदा तिप्पट जलद. तरुण, धडधाकट माणूस दुसरी चूक बहुधा निभावून नेईल. मूत्रपिंड किंवा हृदय दुबळं असलेल्याला मात्र एवढं पाणी एकदम चढलं तर ते फुप्फुसांत साचून धाप लागू शकते. म्हणून फोटो पाहणाऱ्या जाणत्या माणसाचा पहिला प्रश्न बाटलीबद्दल नसावा. ‘सेटचं पाकीट कुठं आहे?’ असा असावा.

गंमत अशी की पाकीट त्या वेळी नेमकं कचऱ्याच्या डब्यात असतं. सेट लावताना फाडून टाकतात, आणि दोन तासांनी प्रश्न पडतो तोवर डबा गेलेला असतो. तरीही सेट ओळखायची एक खूण चेंबरमध्येच आहे. चेंबरचा फोटो जवळून काढा आणि थेंब जिथून सुटतो ते टोक पाहा. तिथे बारीक, चकचकीत धातूची सुईसारखी नळी खाली आलेली दिसली तर तो मायक्रो सेट आहे. तिथे प्लॅस्टिकचं जाडसर तोंड असेल आणि टपोरे थेंब सुटत असतील तर नेहमीचा सेट. मायक्रो सेट बऱ्याचदा रेघा आखलेल्या प्लॅस्टिकच्या उभ्या नळकांड्यासकट येतो, त्यात लहान मुलांसाठी थोडं थोडं द्रावण मोजून घेतात. १५चा की २०चा, हा भेद मात्र नुसत्या नजरेनं होत नाही. तो पाकिटावर किंवा सेटवर छापलेला आकडा वाचूनच करावा लागतो.

या खुणेमागचं कारण जुनं आणि साधं आहे. नळीच्या टोकाला लोंबणारा थेंब तोंडाच्या कडेला पृष्ठताणानं धरून राहिलेला असतो. तो भरत जातो, जड होतो, आणि त्याचं वजन कडेच्या पकडीपेक्षा जास्त झालं की सुटतो. तोंड रुंद असेल तर पकड लांबलचक कडेवर पसरते आणि थेंब मोठा होईपर्यंत टिकून राहतो. तोंड अरुंद असेल तर लवकर सुटतो. थेंबाचं वजन आणि तोंडाची रुंदी यांचा हा संबंध थॉमस टेट यांनी १८६४ साली मांडला. मायक्रो सेटमधली धातूची बारीक नळी म्हणजे हाच नियम कारखान्यात वापरलेला: वीस थेंबांच्या सेटचा एक थेंब ०.०५ मिलीचा, आणि बारीक नळीचा थेंब त्याच्या एक तृतीयांश.

पण पृष्ठताण सगळ्या द्रावणांचा सारखा नसतो. सेटच्या पाकिटावरचा आकडा शुद्ध पाण्यावर काढलेला असतो. सेटसाठी आयएसओ ८५३६-४ हे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात २३ अंश सेल्सियसच्या आसपास, मिनिटाला पन्नासच्या आसपास थेंबांच्या वेगानं, ऊर्ध्वपातित पाण्याचे २० किंवा ६० थेंब एक मिलीचे व्हावेत अशी अट आहे, आणि त्यातही ०.१ मिली इकडे तिकडे चालतं. म्हणजे निर्दोष सेटलाही दहा टक्क्यांची सूट आहे. आठ तासांची बाटली गणित बिनचूक असूनही पाऊण तास लवकर किंवा तेवढीच उशिरा संपली, तर कुणाची चूक झाली असं समजू नये. थेंब मोजून दिलेलं सलाईन हे मुळातच ढोबळ माप आहे, आणि साध्या सलाईनला ते पुरतं.

आता पुन्हा त्या फोटोकडे. तिसरा आकडा मिळाला तरी पहिले दोन नीट वाचायचे असतात, आणि हातानं लिहिलेल्या पट्टीचा फोटो वाचणं वाटतं तितकं सोपं नाही. सगळ्यात घातकी जागा म्हणजे ६ आणि ८. इंग्रजी आकडे घाईत, गोल बाटलीवर, बोथट पेनानं लिहिलेले असतात आणि फोटोत तिरीप आलेली असते. ८ तासांना २१ थेंब आणि ६ तासांना २८. पट्टीवर सुरुवातीची आणि संपण्याची अशा दोन्ही वेळा लिहिलेल्या असतील तर हा संशय फिटतो: स. १० ते सायं. ६ असेल तर तो आकडा आठच आहे. फक्त सुरुवातीची वेळ असेल तर विचारून घ्यावं, अंदाज करू नये. छापील लेबलावरचं आकारमान ओळखायला सोपं असलं तरी ५००ची आणि १०००ची बाटली एकट्या फोटोत सारख्याच उंचीची दिसू शकते, कारण शेजारी मापाला काही नसतं. म्हणून आकार पाहू नये, आकडा वाचावा.

दुसरी जागा ‘८ तासांनी’ आणि ‘८ तासांत’ यांची. वॉर्डात बऱ्याचदा दोन्हीसाठी इंग्रजी संक्षेप लिहितात आणि तो ‘दर आठ तासांनी’ असा वाचायचा असतो. आरएलच्या बाटलीसाठी फरक पडत नाही: दर आठ तासांनी एक बाटली आणि सलाईन अखंड चालू, म्हणजे एक बाटली आठ तासांतच जाते. पण शेजारच्या खाटेवर मेट्रोनिडॅझोलची १०० मिलीची छोटी बाटली टांगलेली असते, तिच्यावरही हेच लिहिलेलं. तिथे त्याचा अर्थ असा की हे औषध दिवसातून तीनदा द्यायचं, आणि प्रत्येक वेळी ते अर्ध्या तासात संपवायचं. वीसच्या सेटवर त्याचे मिनिटाला ६७ थेंब होतात. तोच संक्षेप ‘आठ तासांत’ असा वाचून गणित केलं तर चार थेंब निघतात. मिनिटाला चार थेंब असं उत्तर आलं, की गणिताआधी पट्टीवरच्या अक्षराचा संशय घ्यावा.

‘पाइंट’ हा शब्दही जुन्या डॉक्टरांच्या आणि नातेवाइकांच्या तोंडात आहे. ‘चोवीस तासांत तीन पाइंट’ असं कुणी म्हणालं तर इथल्या वॉर्डात त्याचा अर्थ ५०० मिलीच्या तीन बाटल्या असा असतो, इंग्लंडातलं दुधाचं माप नव्हे. दीड हजार भागिले चोवीस, पुन्हा तेच साडेबासष्ट मिली तासाला आणि तेच २१ थेंब.

पट्टीवर पुढे अधिक चिन्ह आणि काही अक्षरं असतील तर ती बाटलीत मिसळलेली औषधं. जीवनसत्त्वांचं इंजेक्शन घातलं की द्रावण पिवळं दिसतं, त्यानं नातेवाईक घाबरतात; त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ‘केसीएल’ लिहिलेलं असेल, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, तर फोटो पाहून थेंब सांगायच्या फंदात पडू नये. केसीएलची इथे मिळणारी १० मिलीची काचेची कुपी १५ टक्क्यांची असते आणि तिच्यात २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. आकारमानाच्या दृष्टीनं ती नगण्य आहे. ५०० ऐवजी ५१० मिली धरलं तरी उत्तर २१च येतं. पण मगाशी पाहिलेली सेटची तिपटीची चूक इथे झाली तर पोटॅशियमही तिप्पट वेगानं रक्तात जातं, आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. शिवाय टांगलेल्या बाटलीत ते घालून बाटली उलटीपालटी करून नीट मिसळली नसेल तर जड पोटॅशियम खालच्या तोंडाशी बसतं आणि पहिल्या काही मिनिटांतच मोठा हिस्सा नळीत उतरतो. तिथे थेंबांचं गणित बरोबर असूनही डोस चुकतो.

फोटोबद्दल आणखी एक. फोटो कधी काढला ते पट्टीवर लिहिलेलं नसतं. सकाळी दहाला लावलेल्या बाटलीचा फोटो दुपारी दोनला आला, तर ‘५०० मिली, ८ तास’ हे गणित सुरुवातीला बरोबर होतं, आता ते जुनं झालं. आता पाहायचं ते बाटलीत किती उरलं आहे. बाटलीवर मिलीच्या रेघा असतात. आकडे वरून खाली वाढत असतील तर ते किती गेलं हे दाखवतात, खालून वर वाढत असतील तर किती उरलं हे. वेळेच्या हिशेबानं चार तासांत २५० गेलेलं असायला हवं, तासाला साडेबासष्ट या दरानं. काही वॉर्डांत बाटलीच्या बाजूला उभी पट्टी चिकटवून तिच्यावर तासातासाच्या खुणा करतात: ११ वाजता पातळी इथे, १२ वाजता इथे. मला विचाराल तर नातेवाइकांच्या उपयोगाची गोष्ट ही आहे. त्यांना थेंब मोजायची गरज राहत नाही. पातळी दोनच्या खुणेपाशी नसेल तर सिस्टरना हाक मारायची.

तरी थेंब मोजायचेच असतील तर तेही नीट मोजावेत. बरेच जण पंधरा सेकंद मोजून चारनं गुणतात. नाडीसाठी ती युक्ती ठीक, संथ सलाईनसाठी नाही. २१ थेंबांच्या वेगात पंधरा सेकंदांत पाच थेंब पडतात किंवा सहा. घड्याळ नेमकं कुठल्या क्षणी पाहिलं त्यावर ते अवलंबून. पाचाचे २० होतात आणि सहाचे २४, म्हणजे तासाला ६० मिली की ७२, हा फरक नुसत्या मोजण्याच्या रीतीतून आला. त्यापेक्षा उलटं करावं: दहा थेंबांना किती सेकंद लागतात ते मोजावं. २१ थेंबांचा वेग असेल तर साधारण २९ सेकंद लागतील. मोजताना पहिल्या थेंबाला ‘शून्य’ म्हणायचं, ‘एक’ नव्हे, कारण आपण थेंबांमधली अंतरं मोजतो आहोत. पहिल्याला ‘एक’ म्हणून दहापर्यंत गेलात तर नऊच अंतरं मोजली जातात आणि सलाईन आहे त्यापेक्षा जलद चाललंय असं वाटतं. रुग्णाला खाटेवर सरळ झोपवून, हात नेहमी असतो तसा ठेवून मोजावं.

हात म्हणण्याचं कारण आहे. हे सगळं यंत्र केवळ उंचीवर चालतं. बाटली शिरेपेक्षा साधारण तीन फूट वर टांगलेली असते, तेवढ्या पाण्याच्या उंचीचा दाब शिरेतल्या दाबावर मात करतो आणि थेंब पडत राहतात. नळीवरचं चाक फिरवून वाट अरुंद किंवा मोकळी करायची, एवढंच नियंत्रण आपल्या हातात असतं. रुग्ण उठून बसला, खाटेचं डोकं वर केलं, की उंची घटते आणि थेंब मंदावतात. कोपराच्या वाकणीत सुई असेल तर हात दुमडला की प्रवाह थांबतो आणि सरळ केला की पुन्हा सुरू होतो. रात्री आजोबा कुशीवर वळले की हेच घडत असतं. चाकाखाली दबलेली प्लॅस्टिकची नळी तास-दोन तासांत हळूहळू आकार बदलते आणि सकाळी २१वर ठेवलेलं चाक कुणीही न हलवता दुपारी १७वर येतं. म्हणूनच एकदा थेंब लावून मोकळं होता येत नाही. पहिल्या पंधरा मिनिटांनी एकदा पाहायचं, मग तासातासानं.

बाटली प्लॅस्टिकची आणि जरा कडक असेल तर आणखी एक भानगड असते. द्रावण बाहेर पडलं की त्याची जागा हवेनं घ्यायला हवी. मऊ पिशवी आपोआप आकसते, तिला हवा लागत नाही. कडक बाटलीसाठी सेटवरच हवेचं छोटं, गाळणी असलेलं झाकण असतं. ते मिटलेलं राहिलं तर बाटलीच्या भिंती आत ओढल्या जातात आणि थेंब हळूहळू बंद पडतात. अशा वेळी बाटलीच्या बुडाला सुई टोचून हवा सोडायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. पण त्या सुईला गाळणी नसते आणि वॉर्डातली हवा सरळ आत जाते. झाकण उघडणं हा खरा उपाय. आत ओढलेली बाटली फोटोतही स्पष्ट दिसते, म्हणून ‘फार हळू वाटतंय’ या तक्रारीबरोबर आलेल्या फोटोत आकड्यांआधी बाटलीच्या कुशी पाहाव्यात. त्या ठीक असतील तर सुईची जागा विचारावी: तिथे सूज, दुखणं किंवा गारवा असेल तर द्रावण शिरेत न जाता कातड्याखाली साचतं आहे, आणि तिथे कुठलाच थेंबांचा आकडा कामाचा नाही, सुई बदलावी लागते.

समजा यांतलं काही झालं आणि दुपारी दोन वाजता बाटलीत २५० ऐवजी ३५० मिली उरलेलं आहे. शंभर मिली मागे पडलंय. नातेवाइकाचा हात अशा वेळी चाकाकडे जातो, आणि तो जाऊ नये. सिस्टर काय करते ते पाहू. उरलेलं ३५०, उरलेला वेळ चार तास, म्हणजे २४० मिनिटं. ३५० गुणिले २०, भागिले २४०: मिनिटाला २९ थेंब. गणितानं उत्तर दिलं, पण २१वरून २९ म्हणजे जवळजवळ चाळीस टक्क्यांची वाढ. नर्सिंगच्या शिकवणीत अशी भरपाई साधारण पंचवीस टक्क्यांच्या आतच स्वतःच्या अखत्यारीत करतात, त्यापुढे डॉक्टरांना विचारतात. पंचवीस टक्के म्हणजे इथे २६ थेंब. दुसरा मार्ग २१वरच चालू ठेवायचा. मग बाटली सहाऐवजी साडेसात-पावणेआठला संपेल आणि पुढची बाटली तेवढी पुढे सरकेल. साठी ओलांडलेल्या, पाय सुजलेल्या माणसासाठी मी डोळे झाकून हा दुसरा मार्ग धरेन. जुलाबांनी गळून गेलेल्या विशीतल्या मुलासाठी डॉक्टर कदाचित २९च काय, त्याहून जास्तही ठेवायला सांगतील. तोच फोटो, तीच बाटली. उत्तर खाटेवर कोण आहे त्यावर फिरतं, आणि ते फोटोतल्या कुठल्याही लेबलावर लिहिलेलं नसतं.

थेंब मोजून चालवायची हद्द दोन्ही टोकांना संपते. तापासाठी देतात ते पॅरासिटामॉलचं १०० मिलीचं सलाईन पंधरा मिनिटांत द्यायचं असतं. वीसच्या सेटवर त्याचे मिनिटाला १३३ थेंब होतात, सेकंदाला दोनहून जास्त. ते डोळ्यांनी मोजता येत नाहीत, चाक बरंचसं मोकळं सोडून घड्याळाकडे पाहत बसावं लागतं. मायक्रो सेटवर तर ४०० थेंब भरतात, म्हणजे थेंबच राहत नाहीत, धार लागते. दुसऱ्या टोकाला नवजात बाळ, रक्तदाब सावरणारी औषधं, इन्सुलिन: इथे तासाला एखाद-दोन मिली द्यायचे असतात आणि दहा टक्क्यांची सूट परवडत नाही. तिथे पंप लागतो, त्यावर तासाचे मिली टाइप करतात. त्या खाटेचा फोटो ग्रुपवर आला तर बाटलीवरच्या पट्टीपेक्षा पंपाच्या पडद्यावरचा आकडा पाहावा, आणि चेंबरमध्ये थेंब किती पडतात ते मोजू नये. काही पंप थांबून थांबून ढकलतात, त्यामुळे तिथे मिनिटभर मोजलेल्या थेंबांचा आणि खऱ्या वेगाचा मेळ बसेलच असं नाही.